रिग्रेशनच्या तक्त्याला विचारायचे प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर दोघातिघांनी मला एकच गोष्ट विचारली. सामाजिक शास्त्रांच्या परिषदांमध्ये पडद्यावर आकड्यांचा एक तक्ता येतो, त्यात काही आकड्यांपुढे चांदण्या असतात, वक्ता दीड मिनिटात "यावरून स्पष्ट होतं की" म्हणून पुढे जातो, आणि आपण मान डोलावतो. ज्याला संख्याशास्त्र येत नाही त्याने तिथे काय करायचं? मी स्वतः तत्त्वज्ञानाचा माणूस. हे तक्ते मी पन्नाशीनंतर वाचायला शिकलो, तेही विद्यार्थ्यांकडून. त्यामुळे आज मी गणित शिकवणार नाही. तक्त्याला काय विचारायचं एवढंच सांगणार आहे.

त्यासाठी मी एक जुना तक्ता घेतो. जुना म्हणजे १८९९चा. जॉर्ज उडनी यूल नावाच्या तरुण संख्याशास्त्रज्ञाने तो लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. सामाजिक प्रश्नावर रिग्रेशन वापरण्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. आपल्या परिभाषाकोशात रिग्रेशनला समाश्रयण असा शब्द आहे, पण वर्गात तो कुणी वापरताना मी ऐकला नाही, तेव्हा आपण रिग्रेशनच म्हणू. जुनं उदाहरण घेण्याचं कारण असं की यूलने जे केलं त्यात आणि परवा तुम्ही पाहिलेल्या स्लाइडमध्ये तत्त्वतः फारसा फरक नाही. फरक एवढाच की यूलचा तक्ता लहान आहे आणि आपल्याला तो हाताने तपासता येतो.

आधी प्रश्न काय होता ते पाहू. इंग्लंडमध्ये गरिबांच्या मदतीचा कायदा होता, पुअर लॉ. पॅरिशांचे गट करून त्यांना 'युनियन' म्हणत (कामगार संघटनेशी याचा संबंध नाही), आणि प्रत्येक युनियनवर निवडून आलेलं पालकमंडळ असे. मदत दोन प्रकारे मिळे. एक वर्कहाउसमध्ये. तिथे राहायचं, तिथलं काम करायचं, नवराबायकोची ताटातूट सहन करायची. दुसरी बाहेरची मदत, म्हणजे आपल्या घरी राहून आठवड्याला थोडे पैसे, थोडा पाव. म्हातारी विधवा, आजारी माणूस यांना साहजिकच बाहेरची मदत हवी असे. १८७०च्या सुमारास सरकारी धोरण असं झालं की बाहेरची मदत माणसाला आळशी बनवते, ती आवळा. पुढच्या दहा वर्षांत कित्येक युनियनांनी ती खरोखरच आवळली. लंडनच्या पूर्व भागात व्हाइटचॅपल, स्टेपनी अशा ठिकाणी तर जवळजवळ बंदच केली.

मग वाद सुरू झाला. बाहेरची मदत कमी केल्याने परावलंबी गरिबांची संख्या कमी होते का? लंडनमधल्या गरिबीची पाहणी करणारे चार्ल्स बूथ म्हणाले, असा काही सर्वसाधारण संबंध दिसत नाही. यूल म्हणाला, दिसतो. वाद आकड्यांचा असला तरी त्याच्या दुसऱ्या टोकाला आठवड्याच्या पावावर जगणारी एक बाई उभी आहे. आकडेमोड करताना तिला विसरू नये, कारण पुढे ती आपल्या कामाला येणार आहे.

यूलने १८७१ आणि १८८१ या दोन वर्षांचे आकडे घेतले. प्रत्येक युनियनमध्ये १८७१चा आकडा १०० धरला तर १८८१चा किती, असं चार गोष्टींचं मोजमाप केलं: लोकसंख्येत मदत घेणाऱ्यांचं प्रमाण, बाहेर मदत घेणाऱ्यांचं आत मदत घेणाऱ्यांशी गुणोत्तर, म्हाताऱ्यांचं प्रमाण, आणि लोकसंख्या. लंडनच्या ३२ युनियनांसाठी त्याला जे समीकरण मिळालं ते असं:

मदत घेणाऱ्यांतला बदल = १३.१९ + ०.७५५ × (बाहेरच्या मदतीतला बदल) − ०.०२२ × (म्हाताऱ्यांतला बदल) − ०.३२२ × (लोकसंख्येतला बदल) + उरलेला फरक

घाबरू नका, एक युनियन घेऊन पाहू. केन्सिंग्टनमध्ये बाहेरच्या मदतीचं गुणोत्तर १००वरून ५वर आलं, म्हणजे बदल उणे ९५. म्हाताऱ्यांचं प्रमाण १०४ झालं, बदल ४. लोकसंख्या १३६ झाली, बदल ३६. आता मांडा: १३.१९मधून ७१.७ गेले, मग ०.१ गेला, मग ११.६ गेले. उरले साधारण उणे ७०. म्हणजे मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ७० अंकांनी घटेल असं समीकरण म्हणतं. प्रत्यक्षात ते २७वर आलं होतं, म्हणजे उणे ७३. तीन अंकांचा फरक राहिला. समीकरण केन्सिंग्टनला छान बसतं. फुलहॅमलाही जवळजवळ तंतोतंत बसतं. पण वेस्टमिन्स्टरला लावलं तर साधारण ९ अंकांनी चुकतं.

आता पहिला प्रश्न. हा ०.७५५, ज्याला सहगुणक म्हणतात, तो कुणाची कुणाशी तुलना करतो? पडद्यावरचा वक्ता म्हणेल, "बाहेरची मदत १० अंकांनी घटवली की मदत घेणारे साडेसात अंकांनी घटतात." वाक्य ऐकताना डोळ्यांपुढे एकच युनियन येते, तिथे कुणीतरी कळ दाबतं आणि आकडा खाली येतो. पण समीकरणात कळ दाबणारं कुणी नाही. त्यात ३२ वेगवेगळ्या युनियना शेजारीशेजारी ठेवलेल्या आहेत. आकडा सांगतो तो एवढंच: ज्या दोन युनियनांमध्ये म्हातारे आणि लोकसंख्या सारखीच बदलली, पण एकीत बाहेरची मदत दुसरीपेक्षा १० अंकांनी जास्त घटली, त्यांच्यात मदत घेणाऱ्यांची घट सरासरीने साडेसात अंकांनी जास्त दिसली. वाक्य लांबलं, मला मान्य आहे. ते लांब आहे म्हणूनच वक्ते ते बोलत नाहीत.

आणि हे 'अंक' कशाचे तेही विचारा. केन्सिंग्टनचा ५ म्हणजे "पाच टक्के लोकांना बाहेरची मदत" असा नाही. ते १८७१च्या गुणोत्तराचे पाच टक्के आहेत. एकक न विचारल्यामुळे मी स्वतः एकदा भर सभेत चुकीचा प्रश्न विचारून बसलो आहे.

दुसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि तो फार कमी विचारला जातो. डावीकडे जे मोजलं आहे, ते कशाचं बनलेलं आहे?

यूलच्या डावीकडे 'मदत घेणारे' आहेत. त्यात आतलेही आले, बाहेरचेही आले. उजवीकडे काय आहे? बाहेरच्यांचं आतल्यांशी गुणोत्तर. म्हणजे बाहेरचे लोक दोन्हीकडे बसले आहेत! याने काय होतं ते एका काल्पनिक युनियनवर पाहू. समजा तिथे वर्कहाउसमध्ये १०० जण आणि बाहेर मदत घेणारे ३००. एकूण ४००, गुणोत्तर ३. आता मंडळाने बाहेरच्या ३००पैकी २७० जणांची नावं कापली. आतल्यांत फरक नाही, लोकसंख्या तेवढीच. राहिले १०० आणि ३०, एकूण १३०. गुणोत्तर ३वरून ०.३वर आलं, म्हणजे १००चे १० झाले, बदल उणे ९०. एकूण ४००वरून १३०वर आले, म्हणजे १००चे ३२.५, बदल उणे ६७.५. आता ६७.५ला ९०ने भागा. ०.७५.

यूलला मिळालेला आकडा ०.७५५ होता हे आठवा. आता घाईने निष्कर्ष काढू नका. ३०० आणि १०० हे आकडे मी सोयीने निवडले आहेत. दोन्ही बाजूंना १००-१०० असते तर उत्तर ०.५ आलं असतं. शिवाय बाहेरची मदत तुटल्यावर काही जण आत आले असणार, तेव्हा प्रत्यक्षातला हिशोब इतका सरळ नाही. माझं म्हणणं मर्यादित आहे: ज्या युनियनमध्ये एकाही माणसाची गरिबी कमी झालेली नाही, फक्त नावं कापली आहेत, तिथेही समीकरण याच जातीचा सहगुणक देईल. त्या २७० जणांचं पुढे काय झालं हे त्याला माहीत नाही. ते कामाला लागले असतील, मुलांकडे गेले असतील, लंडनमध्ये तेव्हा नुकत्याच उभ्या राहिलेल्या धर्मादाय संस्थांच्या दारात गेले असतील, किंवा उपाशी राहिले असतील. यूलचा शब्द 'पॉपरिझम' होता. त्याचा अर्थ मदतीच्या यादीत असणं. गरीब असणं हा त्याचा अर्थ नाही. तो पडद्यावर 'गरिबी' म्हणून वाचला गेला की सगळा अर्थ फिरतो. धोरणाचे समर्थक म्हणत, मदत बंद झाल्यावर हे लोक वर्कहाउसमध्ये आले नाहीत, म्हणजे त्यांना खरी गरज नव्हतीच. आपली ती पाववाली बाई म्हणेल, वर्कहाउसला मी घाबरले. तक्ता या दोघांमध्ये निवाडा करू शकत नाही.

आता तिसरा प्रश्न, नियंत्रक चलांचा, ज्यांना सगळे 'कंट्रोल' म्हणतात. यूलने म्हातारे आणि लोकसंख्या का घेतली? केन्सिंग्टन आणि फुलहॅम शेजारीशेजारी ठेवा. फुलहॅममध्ये बाहेरची मदत केन्सिंग्टनइतकी घटली नाही, २१वर थांबली. तरी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ३१वर आलं, जवळजवळ केन्सिंग्टनइतकंच. का? फुलहॅमची लोकसंख्या दहा वर्षांत १७४ झाली होती. शहर तिकडे पसरत होतं, नवी माणसं येत होती, आणि नव्याने येणारा बहुधा धडधाकट कमावता असतो. समीकरण फुलहॅमच्या घटीतले २४ अंक लोकसंख्येच्या खाती टाकतं. हे केलं नसतं तर सगळं श्रेय-अपश्रेय बाहेरच्या मदतीच्या नावावर चुकीचं चढलं असतं.

आपल्या न्यायशास्त्रात याला जवळचा विचार आहे. घट तयार होण्याआधी कुंभार असतो, चाक असतं, माती असते, आणि माती वाहून आणणारं गाढवही असतं. मग गाढव घटाचं कारण का नाही? नैयायिक म्हणतात, ते अन्यथासिद्ध आहे. त्याच्यावाचून काही अडत नाही. माती दुसऱ्या कशावरून आणली तरी घट होतोच. कंट्रोल घालणं म्हणजे हीच तपासणी: माती तेवढीच ठेवून गाढव असण्यानसण्याने फरक पडतो का ते पाहणं.

पण इथेच एक खड्डा आहे. समजा एखाद्या गावात माती फक्त गाढवावरूनच येते. तिथे तुम्ही "माती तेवढीच धरून" गाढवाचा हिशोब केलात तर उत्तर शून्य येईल, आणि तुम्ही म्हणाल गाढवाचा घटाशी संबंध नाही. प्रत्यक्षात गाढवाचं सगळं काम मातीतूनच होत होतं आणि ती तुम्ही बांधून ठेवली. यूलच्या तक्त्यात लोकसंख्येचं असं होऊ शकतं. एका युनियनने मदत बंद केल्यावर तिथले गरीब शेजारच्या युनियनमध्ये राहायला गेले, तर लोकसंख्येतला बदल हा काही अंशी त्या धोरणाचाच परिणाम झाला. तो स्थिर धरला की धोरणाच्या परिणामाचा एक भाग आपण हाताने पुसून टाकला. म्हणून "तुम्ही किती कंट्रोल घातले?" हा प्रश्न कच्चा आहे. विचारावं असं: हा कंट्रोल कारणाच्या आधीचा आहे की नंतरचा? याचं उत्तर तक्त्यात कधीच नसतं. ते त्या प्रदेशाची, त्या माणसांची माहिती असलेल्याकडे असतं.

आणि न घातलेला कंट्रोल? यूलच्या बाबतीत तो पालकमंडळाचा खमकेपणा आहे. जे मंडळ बाहेरची मदत आवळतं, तेच अर्जांची कसून चौकशी करतं, घरी जाऊन पाहतं, नातेवाइकांना खर्च उचलायला लावतं. या सगळ्याचा परिणाम एकट्या बाहेरच्या मदतीच्या सहगुणकात शिरतो, कारण खमकेपणाचा वेगळा रकाना कुणाकडेच नव्हता. बाण उलटाही असू शकतो: एखाद्या युनियनमध्ये मंदीत अचानक गरीब वाढले आणि वर्कहाउसमध्ये जागाच उरली नाही, तर मंडळाला बाहेर मदत द्यावीच लागेल. मग गरिबांची वाढ आधी आणि बाहेरची मदत नंतर.

कंट्रोलबद्दल एक छोटी गोष्ट. म्हाताऱ्यांपुढचा −०.०२२ बघून कुणी म्हणालं, "वार्धक्याचा गरिबीशी संबंध नाही," तर त्याला थांबवा. बूथनेच दाखवलं होतं की मदत घेणाऱ्यांमध्ये म्हातारे फार मोठ्या प्रमाणात असतात. हा आकडा फक्त म्हणतो की या दहा वर्षांत या ३२ ठिकाणी म्हाताऱ्यांच्या प्रमाणात जो थोडा बदल झाला, त्याने बाकीच्या गोष्टींवर फार भर घातली नाही. कंट्रोल मुख्य तुलना स्वच्छ करायला घातलेला असतो. त्याचा स्वतःचा सहगुणक कारण म्हणून वाचायला त्याच्यासाठी वेगळी तयारी लागते, आणि ती इथे कुणी केलेली नाही.

आता शब्दांकडे येऊ. यूलने आपल्या लेखात अमुक इतकी घट बाहेरच्या मदतीतल्या बदलामुळे आहे अशा अर्थाचं लिहिलं, आणि खाली एक तळटीप दिली: काटेकोर बोलायचं तर जिथे 'मुळे' म्हटलं आहे तिथे 'शी निगडित' असं वाचावं. माणूस प्रामाणिक होता. पण मला ही तळटीप वाचून नेहमी वाटतं, मग वर तसंच का नाही लिहिलं? तळटीप वाचणारे थोडे, आणि 'मुळे' सगळ्यांच्या लक्षात राहतं.

मराठीत तर 'मुळे' टाळूनही कारण आत शिरतं, कारण ते क्रियापदांत लपलेलं असतं. "शिक्षण बालविवाह रोखतं", "बचतगट उत्पन्न वाढवतात", "स्थलांतर शाळागळतीला चालना देतं" या तिन्ही वाक्यांत 'मुळे' नाही, तरी तिन्ही कारणाची विधानं आहेत. 'परिणाम' आणि 'प्रभाव' हे शब्दही तसेच. मी विद्यार्थ्यांना सांगत असे की वाक्याचा कर्ता बदलून पाहा. "जिथे बाहेरची मदत जास्त घटली, तिथे मदत घेणारेही जास्त घटलेले दिसतात" असं म्हटलं की धोरण कर्ता राहत नाही, ठिकाणं कर्ता होतात, आणि तक्ता खरोखर ठिकाणांबद्दलच बोलत असतो.

यावर काही जण उलट टोक गाठतात. सगळीकडे 'निगडित' लिहितात आणि शेवटच्या स्लाइडवर "म्हणून शासनाने ही योजना बंद करावी" अशी शिफारस करतात. अहो, शिफारस हेच कारणाचं विधान आहे! निगडित असण्यावरून कुणी योजना बंद करत नाही. अशा वेळी त्यापेक्षा "आमच्या मते हे कारण आहे, आणि ते खरं असायला अमुकअमुक गोष्टी खऱ्या असाव्या लागतील" असं सरळ म्हणणारा मला जास्त आवडतो. निदान त्याच्याशी वाद घालता येतो.

वेळ होत आला. दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, मग तक्त्यावरून कारण कधीच म्हणता येणार नाही का?

येतं, पण ते बळ तक्त्यात नसतं, माहिती कशी तयार झाली त्यात असतं. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींची एकतृतीयांश प्रमुखपदं स्त्रियांसाठी राखीव झाली. कुठली पंचायत राखीव, हे पश्चिम बंगाल आणि राजस्थानात अशा पद्धतीने ठरत होतं की गावाच्या परिस्थितीचा त्यात हात नव्हता, जवळजवळ चिठ्ठ्या टाकल्यासारखंच. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४मध्ये छापलेल्या अभ्यासात राखीव आणि बिनराखीव पंचायतींची नुसती तुलना केली. राखीव ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं. रस्त्यांच्या बाबतीत मात्र बंगालमध्ये जास्त आणि राजस्थानात कमी. तिथे 'आरक्षणामुळे' म्हणायला माझी हरकत नाही. चिठ्ठीला गावातल्या पुढाऱ्यांचा खमकेपणा माहीत नसतो, त्यामुळे तो दोन्ही गटांत सारखाच वाटला जातो. तरी 'स्त्री प्रमुख असल्यामुळे' म्हणण्याआधी मी थांबेन. राखीव जागेवर आलेली बाई बहुतेक वेळा पहिल्यांदाच निवडून आलेली असते. फरक बाईपणाचा की नवखेपणाचा, हा पुढचा प्रश्न. लेखकांनीही तो तपासला होता.

प्रश्न: चांदण्यांबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

मुद्दाम. चांदणी एवढंच सांगते की मिळालेला आकडा निव्वळ योगायोगाने शून्यापासून इतका दूर जाणं कठीण आहे. मघाच्या काल्पनिक युनियनचा विचार करा. तशा ३२ युनियना घेतल्या, सगळीकडे फक्त नावं कापली, गरिबी कुठेच हलली नाही, तरी ०.७५च्या आसपासच्या सहगुणकाला तीन चांदण्या लागतील. योगायोग नाही हे खरंच आहे. नावं कुणी मुद्दाम कापली होती.